लपवलेली शिफारस

मच्छे गावातली आमची कंपनी बंद झाल्यावर बेळगावात नोकऱ्या लावून देणाऱ्या बाईंना मी नोकरीच्या साइटवरचं माझं पान दाखवलं. खरेदी विभागात अठरा वर्षं काढली होती. शिफारशींचा भाग वाचून त्या म्हणाल्या, "चार साहेब, दोन पुरवठादार. बरोबरीनं काम केलेल्यांपैकी एकही नाही. समोरच्याला वाटतं, या बाईचं कुणाशी पटत नसणार."

अंगावर आलं. खोटंही नव्हतं.

खरं तर एक होती. शेजारच्या टेबलावर बसणारी, माझ्याहून लहान, मला आक्का म्हणणारी. तिनं मी न मागता लिहिलं होतं, 'आक्का चूक झाकत नाही, पण चूक करणाऱ्याला एकटं सोडत नाही. डब्यातली अर्धी भाकरीही देते.' त्या साइटवर सगळ्यात नवी शिफारस वर येते. ती हातानं खाली सरकवता येत नाही. दाखवायची किंवा लपवायची, एवढंच आपल्या हातात. साहेबांच्या भारदस्त इंग्रजीच्या डोक्यावर माझी भाकरी बसलेली मला बघवेना. लपवून टाकली.

महिन्याभरानं कॅन्टीनमध्ये तिनं विचारलं, "आक्का, मी लिवलेलं दिसत न्हाय की गं?"

"साइटचं काहीतरी बिघडलं असंल," मी म्हणाले आणि चहा ढवळत राहिले.

"व्हय?" एवढंच ती बोलली. पुढं ती डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसू लागली, मग लग्न होऊन पुण्याला गेली. मीही फोन केला नाही. मोठेपणा आडवा आला, दुसरं काय.

त्या बाईंकडून निपाणीला घरी आले. आता घरात मी एकटीच. चहासुद्धा न करता ते पान उघडलं. म्हटलं, लपवलेली पुन्हा दाखवू, तेवढाच तोल येईल. साहेबांच्या चारपैकी दोन लपवल्या. मग तिची शोधायला गेले तर ती लपवलेल्यांतही नव्हती. लिहिणाऱ्यालाच ती काढून घेता येते. तिनं घेतली होती.

राग आला, तिचा नव्हे. तिचं पान उघडलं. तिथं, अगदी तळाशी, मी कधीकाळी घाईत लिहिलेल्या दोन ओळी तशाच होत्या. 'कामात नीटनेटकी. वक्तशीर.' नव्या शिफारशी वर येत गेल्या होत्या. माझ्या ओळी तिनं लपवल्या नव्हत्या. रडायला आलं.

नवी शिफारस मागायचा फॉर्म उघडला. ओळख कशी, या प्रश्नापुढं 'एकाच विभागात' निवडलं. निरोपाच्या चौकटीत आधीच एक गुळगुळीत वाक्य लिहिलेलं होतं. ते खोडून लिहिलं, 'साइट बिघडली नव्हती गं. मीच लपवलं होतं.'

पाठवायच्या आधी फॉर्म बंद केला. हे शिफारस मागताना सांगायचं नव्हतं. फोन उचलला आणि तिचा नंबर लावला.