न उघडलेला क्रेट

२००८, डिसेंबरातला एक रविवार. हजर: अकलोलीपलीकडच्या पाड्यावरची माणसं, पाडा जिच्या शब्दाला मान देतो ती म्हातारी, खडीची खाण काढू पाहणाऱ्या मालकाचा माणूस आणि भिवंडीच्या आदिवासी हक्क गटाची चिटणीस म्हणून मी.

गरम कुंडांची वाफ आणि धुकं इतकं एकजीव झालं होतं, की टेकडी जमिनीला न टेकता तरंगत असल्यासारखी वाटे. मालकाला तीच टेकडी फोडायची होती, गोदामांच्या भरावासाठी. पाड्याचा देव तिच्यावर, आणि पूर्वज पुरलेले तिच्या कुशीत.

माझी तयारी नेहमीसारखी चोख होती. संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासी हक्कांच्या जाहीरनाम्याचं बत्तिसावं कलम मी सोप्या मराठीत वाचलं: जमिनीवर परिणाम करणारा प्रकल्प मंजूर करण्याआधी सरकारने लोकांशी, त्यांच्याच संस्थांमार्फत, प्रामाणिकपणे बोलावं आणि दबावाविना, पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती मिळवावी. भारताने त्याच्या बाजूने मत दिलंय, पण कोर्टात तो कायद्यासारखा चालत नाही, हेही सांगितलं. आपल्या हाती आहे तो पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा: अशा खाणीचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची शिफारस लागते.

त्या माणसाला तीच शिफारस हवी होती. त्याने थंड पेयांचा क्रेट मधोमध ठेवला.

"आजी, आधी घसा ओला करा. अंगठे मग बघू."

कुणी हात लावला नाही. बाटल्यांवरून थेंब ओघळत होते. सगळे ते स्वप्नात बघावं तसे बघत होते.

"दादा, पोरीला मागणी घालाया येतात, त्यांचा पेला आमी कवा पितो?"

"मला काय माहीत?"

"होकार दिल्यावर." म्हातारीने बाटलीकडे बोट केलं. "ही प्यायलो म्हंजे टेकडी दिली."

"अहो आजी, साधं सरबत आहे!"

"मंग तूच पी."

हशा पिकला. तोही हसला, पण प्यायला नाही.

म्हातारी शांतपणे म्हणाली, "खड्डा किती खोल, आमच्या झऱ्याचं पानी कुठं जाईल, ते लिवून आन. आमी दुसरीकडची खान बघून येऊ. मंग देवापुढं बसू. आनि आमी न्हाय म्हनलो तर?"

त्याने अंगठ्यांसाठी आणलेला ठरावाचा कागद पुढे सरकवला.

"बाय," ती माझ्याकडे वळली, "न्हाय म्हनता येत नसंल तर हा इचारतो कशाला?"

मी वाचलेलं सगळं कलम त्या एका वाक्यात होतं.

ठरावाचा कोरा कागद घेऊन तो निघाला. गाडी धुक्यात विरघळली तेव्हा लक्षात आलं, क्रेट मागेच राहिलाय. पाड्यावर ठेवला, तर उद्या तो होकार म्हणून दाखवला जाईल. म्हणून मी तो भिवंडीला आणला.

खाणीची माहिती अजून आलेली नाही. क्रेट ऑफिसात दाराशी आहे, बाटल्या भरलेल्या. तो मालकाच्या हाती देऊन पोच घ्यायची बाकी आहे.