शनिवार-रविवारच्या कोऱ्या चौकटी

आई एक महिना धुळ्याला देवपुरात भावाकडे आणि एक महिना जळगावला माझ्याकडे असायची. तिच्या पिशवीत औषधांबरोबर एक दोनशे पानी वही फिरायची. तारखेपुढे सकाळ, दुपार, रात्र अशा चौकटी. गोळी दिली की देणाऱ्याने खूण करायची. डॉक्टर धुळ्याचे, त्यांच्या भेटीच्या तारखा शेवटच्या पानावर.

त्या खेपेला आईला एसटीतून उतरवून घेतलं, घरी येऊन वही उघडली आणि माझं डोकंच फिरलं. हृदयाच्या नव्या छोट्या गोळीपुढे दर शनिवार-रविवार चौकट कोरी. मी शाळेत सहा तास घसा फोडून घरी येते, तरी एक गोळी चुकवत नाही. आणि वहिनी दिवसभर घरात असून आठवड्याला दोनदा विसरते! विचारायचं तर शेजाऱ्यांकडे जाऊन फोन करावा लागला असता. मी केला नाही. वहीतच ठसठशीत लिहिलं, ‘सुट्टीच्या दिवशीही गोळी चुकू देऊ नये.’ आणि सातही दिवस गोळी देत राहिले.

तिसऱ्या आठवड्यात आईचं जेवण तुटलं. मग उलट्या. भेटीची तारीख आठ दिवसांवर होती, तोवर काढू म्हटलं. खरं सांगायचं तर रजा मागायचाही कंटाळा आला होता. पण एके सकाळी तिला उठून बसवेना, तेव्हा शेजाऱ्यांकडून वहिनीला फोन केला आणि पहिली गाडी धरून धुळे गाठलं. वहिनी दवाखान्यात आधीच येऊन थांबली होती.

नाडी बेचाळीस होती. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, वही चाळली. ही गोळी अंगात साचते, म्हणून सोमवार ते शुक्रवारच द्यायची, असं त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं. चिठ्ठी धुळ्याच्या फायलीत राहिली होती. वहिनी हळूच म्हणाली, वहीत लिहायचं माझ्याकडून राहिलं.

डॉक्टरांनी आईला दाखल करून घेतलं. गोळी थांबवल्यावर ती आठवड्याभरात सावरली. पण त्या सकाळचं अजून माझ्या मनातून जात नाही. डॉक्टरांनी माझ्या खुणांवर बोट ठेवून विचारलं होतं, “शनिवार-रविवारी गोळी कोणी दिली?”

तपासणीच्या टेबलावरून आई म्हणाली, “मीच मांगीसन लिधी. पोरनी काही चूक नही.”

तिने कधीच मागितली नव्हती. वहिनी माझ्या त्या ठसठशीत ओळीकडे बघत होती. मी खाली मान घातली आणि आईला खोटं बोलू दिलं.