दिव्याला न कळणारी हवा

फोन सकाळी सव्वासातला आला. मी महिन्याच्या किराण्याची यादी करत होते. तूरडाळ, पोहे, साबण इथवर आले होते. भाचा एवढंच म्हणाला, "आत्या, बाबा गेले." साबणाच्या खाली मी 'दादा' असं लिहिलं आणि पुढे काय लिहायचं ते सुचेना… ती यादी अजून तशीच अर्धवट पडून आहे.

भास्करदादा माझा थोरला भाऊ. नोकरीची सगळी वर्षं त्याने कोळशाच्या खाणीत सरदार म्हणून काढली. पाळीची माणसं कामाला लागण्याआधी हा पुढे जाऊन छत ठोकून बघायचा, हवा तपासायचा. त्याने 'चला' म्हटल्याशिवाय कोणी पुढे पाऊल टाकायचं नाही. ही सवय त्याने घरीही आणली. आमच्याकडे आला की चहाच्या आधी खिडक्या उघडायचा. आम्ही हसायचो. माझे यजमान विलास म्हणायचे, "दादा, हे नागपूर हाय, खाण नाही." दादा म्हणायचा, "जवाईबुवा, हवेले पत्ता माहीत नसते." तेव्हा त्या दोघांचं असं चालायचं.

मग नऊ वर्षांपूर्वीचा तो मे महिना आला. पारशिवनीजवळच्या आमच्या शेतातल्या विहिरीचा गाळ काढायचा होता. विजेची मोटर जळालेली होती, म्हणून माझे दीर सतीश भाड्याने पेट्रोलवरचा छोटा पंप घेऊन आले. असा पंप वरून खोल पाणी खेचत नाही. म्हणून तो दोरांनी विहिरीच्या आत, मध्यावर असलेल्या दगडी कठड्यावर उतरवला आणि तासभर चालवला. पाणी घोट्याएवढं उरलं तेव्हा पंप बंद पडला. तो बघायला सतीश शिडीने तळापर्यंत उतरले, दोन-तीन मिनिटं पाइपाच्या तोंडाशी वाकून काहीतरी केलं आणि भिंतीला टेकून बसले. हाका मारल्या तर उत्तर नाही. मग बसल्या जागी कलंडले.

दादा आणि मी योगायोगाने तिथे होतो, आंबे न्यायला आलो होतो. विलासनी शिडीला हात घातला. दादाने त्यांना कमरेतून धरून मागे ओढलं.

"सोडा मले! माहा भाऊ हाय तो!"

"उतराचं नाही, विलासराव. इंजिनाचा वायू असन."

"असन म्हणजे? तुमाले माहीत हाय का?"

"नाही," दादा म्हणाला. "माहीत नाही."

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिते आहे, कारण पुढची सगळी वर्षं याच शब्दांवर गेली. सतीश चक्कर येऊन पडले होते, की त्यांचं हृदय थांबलं होतं, की हवा विषारी होती, वरून कोणालाच सांगता येत नव्हतं. शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या गड्याने बादलीत दिवा ठेवून खाली सोडला. आमच्या भागातली जुनी रीत आहे ही. दिवा विझला तर उतरायचं नाही. दिवा तळापर्यंत गेला आणि शांत जळत राहिला.

"दिवा जळून राहिला ना गा!" तो ओरडला. "हवा हाय! काहून अडवून राहिले?"

दादा म्हणाला, "दिवा जळते म्हणजे दिव्यापुरती हवा हाय. इंजिनाचा वायू दिव्याले समजत नाही. त्याले वासही नसते." खाणीत तो वायू ओळखायला वेगळं यंत्र असतं. शेतात आमच्याकडे डोळे, नाक आणि तो दिवा एवढंच होतं.

विलास म्हणाले, "मंग दोर बांधा मले. पडलो तर ओढा." याचं उत्तर सोपं नव्हतं. विहीर चाळीस फूट खोल, मध्ये कठडा, कमरेला साधा दोर, ओढायला तीन माणसं. बेशुद्ध माणूस कठड्याखाली अडकला तर त्याला सोडवायला तिसरा उतरणार. आणि तेवढ्यात म्हातारा पुन्हा ओरडला, "हात हलला त्याचा!"

"मलेही वाटलं," दादा म्हणाला. "खात्री नाही."

विलास पाय आपटत होते, दोन गड्यांनी त्यांना धरलं होतं. सतीशची बायको रेखा काठावर बसून नवऱ्याच्या नावाने हाका मारत होती. दादा माझ्याजवळ आला आणि अगदी हळू विचारलं, "शोभा, सोडू का त्यांले?"

मी मान हलवली. नाही.

दादाने दोराचं वेटोळं जमिनीवर टाकलं आणि त्यावर बसला. बसल्या बसल्या कामं वाटली. मी पिशवीतल्या यादीच्या मागे वेळा लिहीत होते, दुसरं काय करावं कळत नव्हतं म्हणून. तीन चाळीस, अग्निशमनला फोन, 'श्वासाचा मास्क घेऊन या' हे दोनदा सांगितलं. तीन पंचेचाळीस, शेतघरातला कूलर काठावर आणला. ताडपत्री गुंडाळून, सुतळीने बांधून लांब नळी केली, एक टोक कूलरच्या पंख्याला, दुसरं थेट तळाशी. तीन बावन्न, हवा सुरू. मग विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ. दादा काठावर पालथा पडून तो सतीशच्या कमरपट्ट्यात अडकवायचा प्रयत्न करत होता. गळ अडकायचा, सुटायचा. "वायू असो की नसो," तो मला नंतर म्हणाला, "दोन्हीकडून कामी येईन ते आधी कराचं."

चार सव्वीसला गळ पट्ट्यात बसला आणि सतीशना वर आणलं. अग्निशमनची गाडी नंतर पोचली. दवाखान्यात सांगितलं की प्राण गेलेला आहे. रक्तात तो वायू सापडला. म्हणजे दादाचा अंदाज खरा होता. पण हात हलला तेव्हा ते जिवंत होते का, दोन मिनिटांत कोणी वर आणलं असतं तर वाचले असते का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येणार नाही."

विलास एकच वाक्य बोलले. "तुह्या दादानं माह्या भावाले मरू देलं." त्यानंतर दादा असेपर्यंत त्यांनी त्याच्या घरात पाय ठेवला नाही. दादा दर दिवाळीला यायचा. तो आला की विलास 'बर्डीवर काम हाय' म्हणून बाजाराकडे निघून जायचे. रेखाच्या समोर मी बसायचे, विलासच्या समोर बसायचे, दादाच्या समोर बसायचे, आणि तिघांच्याही समोर मला ती मान आठवायची. रेखा नवऱ्याला हाका मारत होती आणि मी माझा नवरा वाचवत होते. त्यातून बाहेर पडायला दार नव्हतं. विलासना खरं सांगितलं असतं तर दादाचा निम्मा भार उतरला असता. माझ्या घरात काय झालं असतं, ते माहीत नव्हतं.

एका दिवाळीला मी म्हटलं, "दादा, मी सांगते त्यांना."

"काहून वं? ठरवलं म्या. तुले नुसतं विचारलं होतं."

"तू बरोबर होतास ना?"

तो बराच वेळ खोकला. "दुसऱ्याले उतरू देलं नाही, ते बरोबर होतं. पयला वाचला असता का, हे मले रोज इचारा लागते… उत्तर येत नाही."

त्याच दिवाळीत तो आमच्या न्हाणीघरात गेला आणि गॅसचा गिझर आत बसवलेला पाहून संतापला. "बाहेर काढा हा आधी! हाही तोच वायू सोडते." मग सागाच्या तुकड्याची पाचर तासली आणि खिडकीत अशी ठोकली की ती पूर्ण मिटूच नये. गिझर बाहेर घ्यायचं काम माझ्या यादीत दर वर्षी पुढे ढकललं गेलं. हिवाळ्यात विलास कुडकुडत आंघोळ करायचे, चिडायचे. पाचर मात्र कधी काढली नाही.

दादाच्या तेराव्याला विलास आले, मागे उभे राहिले, न जेवता परतले. गेल्या आठवड्यात घराला रंग दिला. संध्याकाळी दोघंच होतो तेव्हा मी सांगितलं. दादाने मला विचारलं होतं, मी नाही म्हटलं होतं. सगळं, वेळांसकट. तो कागदही पुढे ठेवला.

विलासनी कागद वाचला. घडी घातली. उठून न्हाणीघरात गेले. रंगाऱ्याने पाचर काढून खिडकी घट्ट लावली होती. पाचर कोनाड्यात पडलेली होती, टोकाला पांढरा रंग लागलेला. त्यांनी खिडकी ढकलली, पाचर फटीत बसवली, वरवंट्याने तीन ठोके दिले आणि खिडकी ओढून पाहिली. मिटली नाही. बाहेरची थंडी आत आली.

"गिझर बाहेर काढाचा हाय," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "उद्याच. लिहून घे."