बारा रंग आणि अर्धा तास

सत्तरच्या दशकात सोलापुरात गणिताच्या एम.एस्सी.ला आम्ही सातजण होतो आणि सातांपैकी एकानेही संगणक डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तरी प्रोग्रॅम लिहायला शिकत होतो. कोडिंग शीटवर पेन्सिलने लिहायचं, सरांनी लाल खुणा करायच्या, की झाला प्रोग्रॅम. कोरड्या विहिरीत पोहायला शिकण्यासारखाच प्रकार होता तो. यंत्र पुण्यात. तिथल्या एका संस्थेत सरांना सहामाहीतून एकदा अर्धा तास मिळायचा.

सरांची एक खोड होती. कुठलीही रीत सुचवली की ते विचारायचे, "रांगेत हिची जागा कुठं?" n वाढला की जिचा खर्च जास्त भराभर वाढतो ती रांगेत वर, असा त्यांचा हिशेब. वर्षाच्या सुरुवातीलाच त्यांनी आम्हा सहाजणांना n चं एकेक फलन, म्हणजे फंक्शन, दिलं आणि फळ्यासमोर रांग करायला लावली. सातवा खडू घेऊन आकडे मांडत होता. मी होते वर्गमूळ. माझ्या खाली लॉगरिदम, वर नुसता n, मग n गुणिले लॉग n, मग दोनचा n वा घात आणि टोकाला फॅक्टोरियल. सर म्हणाले, "n आठ धरा." दोनच्या पायाने लॉग तीन आला, मी तिनाहूनही थोडी कमी. मी मुकाट्याने लॉगच्या खाली सरकले. सर म्हणाले, "आता सोळा." दोघेही चार. "चौसष्ट." लॉग सहा, मी आठ. पुन्हा जागा बदलली. "आता यापुढं तू कधीच त्याच्या खाली जाणार नाहीस," सर म्हणाले. "लहान आकड्याला विचारलं की तो खोटं बोलतो असं नाही, पण त्याला पुढचं दिसत नाही." मुलं हसली. मला राग आला, कारण नाचवलं होतं मलाच.

माझा प्रकल्प वडिलांच्या कामातून निघाला. ते एका चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायचे. टाकी एक, रंग बारा. एक रंग संपवून दुसरा घालण्याआधी टाकी धुवायची, आणि धुण्याचा वेळ आधी कोणता रंग होता नि पुढे कोणता येणार यावर ठरायचा. पिवळ्यानंतर लाल असला तर पाच मिनिटं पुरत. काळ्यानंतर पिवळा म्हटलं की माणसं कंबर धरायची. आधी फिका, मग गडद, हे कोणीही सांगेल. पण लालानंतर हिरवा असं आलं की फिका-गडद हे गणित बसायचं नाही. वडिलांनी प्रत्येक जोडीचा वेळ घड्याळ लावून मला लिहून दिला होता. कमीत कमी धुण्यात बारा रंग कोणत्या क्रमाने उरकतील, हे मी शोधायचं होतं. वडिलांनी कारखान्यात रंगखात्याच्या मास्तरला सांगूनही टाकलं होतं, "माझी पोरगी काढून देती क्रम. लई हुशार हाय." म्हणजे आता माझं वर्ष आणि त्यांचा शब्द, दोन्ही त्या क्रमावर टांगलं होतं.

रीती दोन होत्या. पहिली सरळ: सगळे क्रम तपासायचे, सर्वांत कमी वेळाचा ठेवायचा. दुसरी जरा अवघड: रंगांचा प्रत्येक गट घ्यायचा आणि त्यात शेवटी कोणता रंग आला तर कमीत कमी धुणं किती, एवढंच टिपून ठेवायचं. आधीचे रंग कोणत्या क्रमाने आले हे विसरून जायचं आणि त्या टिपणावर पुढचा गट बांधायचा. मी पाच रंग घेऊन दोन्ही रीती कागदावर करून पाहिल्या. पहिलीत क्रम अवघे एकशेवीस, दुपारीच उरकले. दुसरीचा खर्च n वर्ग गुणिले दोनचा n वा घात, म्हणजे आठशेच्या घरात, आणि त्या तक्त्यांनी अर्धी वही खाल्ली. मी पहिली निवडली. तीन आठवडे घालून सुबक प्रोग्रॅम लिहिला आणि आठ दिवसांवर पुणं आलं तेव्हा ऐटीत सरांपुढे ठेवला.

सरांनी पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलंच नाही.

"रांगेत जागा कुठं?"

"सर, मी करून पाहिलंय. पाच रंगांना हीच स्वस्त आहे."

"चादरीत पाच रंग आहेत का?"

त्यांनी खडू माझ्या हातात दिला. बारा फॅक्टोरियल: सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख एक हजार सहाशे. यंत्र सेकंदाला दहाएक हजार क्रम तपासेल, सर म्हणाले. मी भागाकार केला. तेरा तासांहून जास्त. मग दुसरी रीत: एकशे चव्वेचाळीस गुणिले चार हजार शहाण्णव, सहा लाखांच्या आतच. फार तर मिनिटभराचं काम. सात रंगांपर्यंत माझी रीत खरंच स्वस्त होती. आठव्या रंगाला ती मागे पडली आणि बाराव्याला हाताबाहेर गेली. वर्गमूळ असताना झालं तेच पुन्हा झालं होतं, लहान आकड्यावर मी विसंबले होते, आणि या खेपेला मला नाचवणारं कोणी नव्हतं, मीच नाचले होते.

मी चिडून म्हटलं, "मग तीन आठवड्यांपूर्वी सांगायचं होतं ना सर!"

"तीन आठवड्यांपूर्वी तू दाखवलं होतंस का?"

खरं होतं. ऐट होती माझी; पुरं झाल्याशिवाय दाखवायचं नव्हतं. त्या दिवसापासून आठवडाभर सर तास संपले की माझ्याबरोबर बसले. टिपणं यंत्राच्या मेमरीत मावेनात, तेव्हा एका रंगाचे गट, मग दोन रंगांचे, मग तिनांचे, असं पायरीपायरीने करून मागची पायरी टेपवर ठेवायची युक्ती त्यांनीच सांगितली. एकदाही "बघ, मी म्हणालो होतो" असं ते म्हणाले नाहीत. मी असते तर रोज म्हणाले असते.

पुण्यात यंत्राच्या खोलीत गारठा होता. माझ्या प्रोग्रॅमची भोकं पाडलेली कार्डं आत गेली, टेप फिरला, आणि मी चहा प्यावा की नाही असा विचार करेपर्यंत छापील कागद बाहेर आला. बारा रंगांचा क्रम. वडिलांच्या नेहमीच्या क्रमापेक्षा पंचवीस मिनिटं कमी धुणं! मी खोलीतच उडी मारली. ऑपरेटर हसले आणि रजिस्टर पुढे करत म्हणाले, "सही करा. सर या वेळी आले नाहीत? हा अर्धा तास त्यांच्या पीएच.डी.च्या कामाचा असतो. गेल्या खेपेला यंत्र बंद होतं, तेव्हा वर्षभर ते याचीच वाट बघत होते."

सही करताना मला उमगलं: स्वतःची कार्डं तयार करायचा त्यांचा आठवडा माझ्याबरोबर बसण्यात गेला होता.

घरी वडिलांनी क्रम दोनदा वाचला, बोटांवर धुणी मोजली आणि मान डोलावली. "व्हय की. मरून रंग आधी घ्यायचा हुता. बापाची चूक काढलीस." मग मी अर्ध्या तासाचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर ते थेट कॉलेजात आले, आयुष्यात पहिल्यांदा. कोपरापर्यंत निळे हात मागे धरून विभागाच्या दारात उभे राहिले.

"सर, तुमचं काम मागं ठेवून तुमी माझ्या पोरीला वेळ दिला म्हणं."

सर उठून दाराशी गेले. "माझं काम पुढच्या सहामाहीतही एवढंच असेल," ते म्हणाले, "वाट बघितल्यानं ते वाढत नाही. हिचं वर्ष गेलं असतं तर मात्र..." पुढचं त्यांनी सोडून दिलं आणि वडिलांचा मागे धरलेला हात ओढून दोन्ही हातांत घेतला.

त्यांना डॉक्टरेट मिळायला आणखी तीन वर्षं लागली. त्यांतलं अर्धं वर्ष माझं आहे, आणि ते मी कधी फेडू शकले नाही.