कर्ता नसलेला राजीनामा

सॉफ्टवेअर कसं वापरावं याची पुस्तकं लिहिणं हे माझं नोकरीतलं काम. ही पुस्तकं कोणी वाचत नाही हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, कंपनीला माहीत असतं आणि गिऱ्हाइकाला तर असतंच. तरीही एखादा स्वल्पविराम चुकला की आमच्या विभागात सुतक असल्यासारखी शांतता पसरायची.

हे सुतक पाळायला लावणाऱ्या आमच्या विभागप्रमुख बाई. कंपनीत सगळे एकमेकांना एकेरी, पहिल्या नावाने हाक मारत. बाई मात्र कॉलेजातून कालच आलेल्या पोरालाही ‘अहो’ म्हणत, आणि ते ‘अहो’ ऐकून पोराला आपलं काहीतरी चुकलंय हे कळायचं. त्यांचा एकच धर्म होता. वाक्याला कर्ता हवा. ‘बटण दाबलं जावं’ असं कोणी लिहिलं की समासात त्यांचा लाल शेरा यायचा, “कोणी? शेजाऱ्यांनी?”

अशा ठिकाणी मी बरीच वर्षं सुखाने कंटाळलो होतो. मग एका मित्राच्या ओळखीने भोसरीच्या एका कारखानदाराची गाठ पडली. त्याची पॅकिंगची मशीनं परदेशी जायला लागली होती आणि तिकडचे लोक प्रत्येक मशीनबरोबर पुस्तक मागत होते. मी दोन-तीन रविवार जाऊन एक पुस्तक लिहून दिलं. त्याला ते आवडलं. म्हणजे त्याने ते वाचलं नाही, पण जाड आहे म्हणाला.

“साहेब, नोकरीला ठेवत नाही तुम्हाला,” तो म्हणाला. “तुम्ही तुमचे, मी माझा. एका मशीनचं एक पुस्तक, असं काम. पण रविवारी येणाऱ्या माणसाला मशीन झोपलेलं दिसतं. ते चालताना बघायला हवं. एप्रिलपासून मोकळे होत असाल तर सगळी पुस्तकं तुमची. नसाल तर तसं सांगा, मी दुसरा माणूस बघतो.”

आणखी दोन छोटी कामं हाताशी होती. हिशेब जमत होता, जमत नव्हतं ते धाडस. आमच्याकडे दोन महिन्यांची नोटीस, म्हणजे जानेवारीच्या अखेरीपर्यंत राजीनामा द्यायलाच हवा होता. मी तो दिवाळीपासून लिहायला घेतला होता.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात एक चित्र होतं. मी पत्र ठेवतो. बाई चष्मा काढतात. “तुमच्याशिवाय विभाग कसा चालेल?” असं विचारतात. मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघतो. त्यानंतर चित्रात मी नक्की जातो की थांबतो, हे मी कधीच पाहिलं नव्हतं. तिथवर आलं की मी पहिल्यापासून चित्र सुरू करायचो.

पत्र अर्थातच इंग्रजीत. पहिलं वाक्य होतं, “इट हॅज बीन डिसायडेड दॅट द अंडरसाइन्ड...” म्हणजे ‘असे ठरविण्यात आले आहे की खाली सही करणाऱ्याने कंपनीच्या सेवेतून मुक्त व्हावे.’ वाचताना वाटावं, दिल्लीहून हुकूम आला आहे. दुसऱ्या परिच्छेदात ‘तत्काळ प्रभावाने’ असं ठोकलं होतं, कारण ते मला फार मर्दानी वाटलं. आणि तिसऱ्या परिच्छेदात कंपनीवर इतकं प्रेम ओतलं होतं की ते कमी करायला मलाच जीव होईना.

आता चूक सांगतो. पत्र देखणं दिसावं म्हणून मी आमच्याच पुस्तकांचा साचा वापरला. वर पट्टी, खाली पान क्रमांक, कोपऱ्यात ‘मसुदा’. आणि आमच्याकडे पद्धत अशी होती की संध्याकाळी निघताना दिवसभराच्या फायली कंपनीच्या सामायिक कपाटात टाकायच्या. कपाट म्हणजे कॉम्प्युटरवरचंच. फाईल पडली की ते आपण होऊन विभागातल्या सगळ्यांना मेल पाठवायचं, ‘नवीन मसुदा तपासणीसाठी आला आहे.’ सवयीने सगळ्या फायली निवडल्या, बटण दाबलं (मी, शेजाऱ्यांनी नाही), आणि विश्रांतवाडीला घरी जाऊन मटार उसळ खाल्ली.

सकाळी जागेवर बसलो तर राजीनाम्यावर पाच जणांचे शेरे येऊन पडले होते.

मला आधी घाम फुटला. मग शेरे वाचले आणि अपमान वाटला. सगळ्यांनी भाषा तपासली होती. मजकुराबद्दल कोणी ब्र काढला नव्हता.

समोर बसणाऱ्या सहकारिणीने लिहिलं होतं, “‘अंडरसाइन्ड’ कोण? पुस्तकात आधी व्याख्या द्यावी.” तिच्या पलीकडच्याने, “‘तत्काळ’ हे नेमणूक-पत्रातल्या दोन महिन्यांशी विसंगत. कोणतं बरोबर ते ठरवून दोन्हीकडे एकच ठेवावं.” सॉफ्टवेअरची चाचणी घेणारा एक होता, त्याला आमचे मसुदे कोण पाठवायचं कोण जाणे. त्याने लिहिलं, “पायऱ्या दिल्या आहेत, पण शेवटी काय व्हायला हवं ते दिलेलं नाही.” आणि तिसऱ्या परिच्छेदाशेजारी कोणीतरी, “वापरणारा गोंधळेल. हा माणूस जातोय की राहायला येतोय?”

सगळ्यात वर, पहिल्याच वाक्यावर, लाल रंगात एकच शब्द होता. “कोणी?”

मी बाईंच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी चष्मा काढला नाही.

“बसा. पाणी?”

“मॅडम, ते चुकून गेलं.”

“राजीनामा चुकून गेला, की फाईल चुकून गेली?”

“फाईल.”

“मग कोपऱ्यात ‘मसुदा’ लिहिलंय ते बरं आहे. मसुद्याला काही किंमत नसते. एचआरला गेलेला नाही, तुमची सही नाही. मी तो कपाटातून काढून टाकते. विभागाने एक काल्पनिक मजकूर तपासला, एवढंच.”

सुटका समोर उभी होती. दार उघडं होतं, आत पंखा चालू होता. मी नुसतं ‘बरं’ म्हणायचं होतं.

“म्हणजे तुम्ही मला थांबवणार नाही?” मी विचारलं. तोंडातून गेल्यावर मला माझीच लाज वाटली.

“अहो, थांबवायला आधी कोणीतरी जात असायला हवं,” बाई म्हणाल्या. “तुमच्या वाक्यात कोणीच जात नाहीये. ठरवण्यात आलंय. मुक्त व्हावं म्हणे. कोणी ठरवलं? सापडला तर पाठवा माझ्याकडे, त्याच्याशी बोलते.”

घरी बाबांना सांगणं भाग होतं. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. राजीनामा हा शब्द त्यांनी फक्त मंत्र्यांच्या बाबतीत ऐकला होता.

“नोकरी सोडायचं ठरतंय,” मी म्हणालो.

आई आतून बाहेर आली. आमच्या घरी ‘ठरतंय’ म्हटलं की तिला एकच गोष्ट ऐकू यायची, कारण ती माझ्यासाठी स्थळं बघत होती. तिला आधीचे शब्द ऐकूच आले नव्हते. “कुठली आहे?” तिने विचारलं.

“भोसरीची,” मी भाबडेपणाने उत्तर दिलं. पुढचा गोंधळ निस्तरायला बराच वेळ गेला.

बाबांनी मात्र मुद्दा सोडला नाही. “लिअन ठेवलास का?”

लिअन म्हणजे सरकारी माणूस दुसऱ्या खात्यात गेला तरी जुन्या जागेवर राहणारा त्याचा हक्क. तिकडे जमलं नाही तर परत यायचं.

“खाजगी कंपनीत लिअन नसतो, बाबा.”

“मग बिनपगारी रजा टाक. जाऊन बघ. जमलं तर राजीनामा, नाही तर हजर.” हे बोलताना ते खरोखर घाबरले होते, हे मला त्यांच्या पायाच्या हलण्यावरून दिसत होतं. “आणि मुलगा काय करतो म्हणून सांगायचं लोकांना?”

“फ्रीलान्स.”

“फ्री कळलं. लान्स म्हणजे?”

“भाला.”

बाबांनी थोडा विचार केला. “म्हणजे फुकटचा भालदार.”

आई हसली. मीही हसलो. बाबा हसले नाहीत. “तू ठरवलंयस, की तुझं ठरलंय?” त्यांनी विचारलं. ‘ठरलंय’ हा शब्द त्यांनी पळीतून पाणी सोडावं तसा हळूच सोडला. बाबा आणि बाई कधी भेटलेले नव्हते. दोघांनी मिळून माझ्याविरुद्ध व्याकरण उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी नवीन कागद उघडला. साचा नाही, पट्टी नाही, इंग्रजीही नाही. पहिला शब्द ‘मी’ टाइप केला. पुढे काही येईना. मॅन्युअल लिहिणाऱ्याला ‘तुम्ही’ची सवय असते. तुम्ही हे करा, तुम्ही ते दाबा. हजारो पानांत मी एकदाही स्वतःला काही करायला लावलं नव्हतं. ‘मी’ पुढे कर्सरची रेघ लुकलुकत बसली. आजूबाजूचे डबे संपवून परत आले तरी ती लुकलुकतच होती.

‘मी राजीनामा देत आहे.’ लिहून झाल्यावर काही कोसळलं नाही. म्हणून दुसरं लिहिलं, ‘मी स्वतंत्रपणे पूर्ण वेळ काम करणार आहे.’ तिसरं, ‘नियमाप्रमाणे दोन महिन्यांची नोटीस पूर्ण करून मी एकतीस मार्चला कामावरून मोकळा होईन आणि तोवर माझं काम सहकाऱ्यांकडे सोपवीन.’ चौथं आभाराचं, एका ओळीत. कंपनीवरचं प्रेम एका ओळीत मावलं याचं मलाच वाईट वाटलं. बाईंना मेल केली, प्रत एचआरला, आणि पाठवायच्या आधी ती सामायिक कपाटात जात नाहीये ना हे तीनदा पाहिलं.

बाईंचं उत्तर एचआरला वगळून आलं. “शेरा नाही.” आमच्या विभागात याहून मोठी पदवी नव्हती.

दोन महिने काम सोपवण्यात गेले. माझी पुस्तकं मी इतक्या जणांना समजावून सांगितली की ती पहिल्यांदाच कोणीतरी वाचली. शेवटच्या दिवशी लायब्ररी, ओळखपत्र, लॅपटॉप अशा सह्या गोळा करून एचआरकडून कार्यमुक्तीचं पत्र घेतलं आणि जिन्यातच उघडलं. पहिलं वाक्य: ‘इट हॅज बीन डिसायडेड टु ॲक्सेप्ट युवर रेझिग्नेशन...’

मी आनंदाने उलटा फिरलो. बाईंच्या टेबलावर पत्र ठेवलं, त्यांचंच लाल पेन उचललं आणि समासात लिहिलं, “कोणी?”

बाईंनी वाचलं. आता मात्र चष्मा काढला.

“कंपनीच्या वाक्याला कर्ता नसला तरी चालतं,” त्या म्हणाल्या. “तुमचे लाड संपले. पेन ठेवा.”

घरी बाबांनी ते पत्र, लाल शेऱ्यासकट, त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीच्या कागदांच्या फाईलमध्ये लावलं. परत कधी नोकरी धरायची वेळ आली तर दाखवायला लागेल म्हणाले. लिअन त्यांनी असा ठेवला.

एक तारखेला मी साडेआठ वाजले तरी अंथरुणात होतो. मला कोणीही कुठेही बोलावलं नव्हतं. बाबा दारात येऊन उभे राहिले.

“आज सुट्टी कोणी दिली?”

मी उठलो. दहा वाजता भोसरीत कारखानदाराने कळ दाबली, मशीन खडखडत चालू झालं, आणि तो माझ्याकडे बघत राहिला.

“हं,” तो म्हणाला. “लिहा.”