संदर्भसूचीत नसलेली आजी

परवा फोनवर तू विचारलंस, की इंग्रजी निबंधात मराठी पुस्तकाचा संदर्भ कसा द्यायचा. मी सांगितलं ते थोडक्यात पुन्हा लिहिते, म्हणजे तुझ्या बहिणीलाही उपयोगी पडेल. आधी लेखकाचं नाव रोमन लिपीत. मग पुस्तकाचं मराठी नाव, तेही रोमन लिपीत आणि तिरप्या अक्षरांत. त्याच्यापुढे चौकोनी कंसात इंग्रजी अर्थ. कंसातला अर्थ तिरपा करायचा नाही, कारण ते पुस्तकाचं नाव नव्हे, आपण केलेली मदत आहे. उच्चार दाखवायच्या खुणा एकदा घेतल्या तर शेवटपर्यंत घ्यायच्या.

हे सांगताना मला एक मुलगी आठवत होती. तुम्हाला तिच्याबद्दल कधी सांगितलं नाही. कुणाचंही नाव लिहिणार नाही. 

ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते तेव्हा ती माझ्या वर्गात होती. मुलचेऱ्याकडच्या जंगलातल्या गावची, गोंडी बोलणाऱ्या घरातली. मी निवृत्त झाल्यावर ती पीएच.डी. करू लागली आणि रविवारी माझ्याकडे येऊ लागली. धानाच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, बाया जी गाणी म्हणतात, त्यांच्यावर तिला इंग्रजीत लेख लिहायचा होता. तो छापून आल्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नव्हता.

गाणी तिच्या आजीची होती. एका निवृत्त गुरुजींनी फार पूर्वी ती आजीकडून ऐकून घेतली, देवनागरीत उतरवली, मराठी अर्थ दिला आणि पदरच्या खर्चाने पुस्तिका काढली. मुखपृष्ठावर त्यांचं नाव. आत एवढंच, की ही गाणी परिसरातल्या स्त्रियांकडून मिळाली. माणूस वाईट नव्हता. त्यांनी लिहिलं नसतं तर काहीच उरलं नसतं.

नातीने आजीला ती पुस्तिका वाचून दाखवली तेव्हा आजी खूप हसली होती.

"गुरुजीले तर गाताच येत नाई," ती म्हणाली, "मंग नाव त्याचं कसं?"

"त्याईनं लिवलं म्हनून, आजी."

"तू बी लिवून राह्यली ना? मंग माझं टाक."

नातीने शब्द दिला. तिला त्या लेखात दुसरं काही नको होतं. आजीचं नाव गायिका म्हणून संदर्भसूचीत यावं, एवढंच.

आम्ही कामाला लागलो. पुस्तिकेतलं गाणं उद्धृत करताना छापील अक्षरंच रोमनमध्ये उतरवायची, आजी वेगळं म्हणत असली तरी. आजीचं म्हणणं शेजारच्या रकान्यात. 'पाटा' हा गोंडी शब्द पहिल्यांदा येईल तिथे तिरपा, लगेच 'गाणं' असा अर्थ, नंतर साधा. गावाची नावं नकाशात असतील तशी. माणसाने स्वतःचं नाव इंग्रजीत जसं लिहिलं असेल तसंच ठेवायचं. आजीने कधी सहीच केली नव्हती, म्हणून नातीने तिच्याकडून ते चार-पाचदा म्हणवून घेतलं आणि कानाला पटलं तसं लिहिलं. सूचीतली ती ओळ तिने सगळ्यात आधी टंकली.

दिवाळीच्या सुमाराला संपादकांचं उत्तर आलं. लेख आवडला होता. एकच हरकत होती. आजीची मुलाखत आणि तिचं गाणं लेखिकेच्या फोनमध्ये आहे. वाचकाला जे मिळवून पाहता येत नाही ते सूचीत बसत नाही. त्याचा उल्लेख फक्त मजकुरात, खाजगी संवाद म्हणून. गुरुजींची पुस्तिका सूचीत राहील, कारण ती ग्रंथालयात आहे.

मला नियम पाठ होता, वाटही ठाऊक होती. गाण्याचं ध्वनिमुद्रण विद्यापीठाच्या ग्रंथालयात जमा करायचं. तिथला क्रमांक मिळाला की ते कुणालाही ऐकता येतं आणि गायिकेच्या नावाने सूचीत जातं. फक्त आजीच्या संमतीचा अंगठा हवा होता.

ती गावी जायला निघाली त्याच आठवड्यात आजी गेली.

आता संमती आजीच्या मुलाने, म्हणजे या मुलीच्या वडिलांनी द्यायची होती. ती एकटी बोलायला धजत नव्हती, म्हणून मी सोबत गेले. अंगणात धानाचे भारे येऊन पडले होते. वडिलांनी मला खाट दिली, पाणी दिलं, आणि सगळं ऐकून घेतलं.

"नाई बाई," ते म्हणाले. "अजून माय पेनात मिळाली नाई."

त्यांच्या घरात रीत होती. मेलेलं माणूस पेनात, म्हणजे घराच्या देवांत मिळवेपर्यंत त्याचं नाव कुणी घ्यायचं नाही आणि त्याचा आवाज उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायचा नाही. ते वाटेतच असतं. हाक ऐकली की मागे फिरतं. मिळवणी धान घरात आल्यावर, सगळे सोयरे जमले की.

"म्हणजे कधी, भाऊ?"

"फागुनात. लवकर करतो म्हटलं तर खाऊ काय घालू लोकाईले?"

पोरगी मान खाली घालून म्हणाली, "बाबा, आजीनं सोता सांगतलं होतं."

"तवा ते जित्ती होती," वडील म्हणाले. आवाज चढवला नाही.

संपादकांनी महिनाभर वाढवून दिला. फाल्गुन त्यात बसत नव्हता. मी तिला म्हटलं, लेख मागे घे, दुसरीकडे पाठवू. ज्याचं नाव सूचीत, तेच पुढच्या सूचीत जातं; हा लेख वाचून लिहिणारे सगळे गुरुजींचंच नाव उचलतील.

"मॅडम, दुसरीकडे पाठवायले वर्ष जाईन," ती म्हणाली. "अन् तवर माझी मुदत सरते. प्रबंधात टाकीन मी तिचं नाव."

"प्रबंध कपाटात राहतो गं."

"मले मालूम हाय."

सूचीतली ओळ तिने माझ्यासमोर पुसली. मजकुरातही नाव न लिहिता फक्त 'गायिका' ठेवलं, आणि खाली टीप दिली: घराच्या रीतीनुसार गायिकेचं नाव इथे दिलेलं नाही. मी ते इंग्रजी वाक्य दोनदा तपासलं. त्यात सुधारण्यासारखं काही नव्हतं.

फाल्गुनात मिळवणी झाली. मलाही बोलावणं होतं. विधी झाल्यावर वडिलांनी आईचं नाव मोठ्याने घेतलं, आणि जमलेल्या बायांनी गाणी धरली. नातीने छापील लेख सोबत आणला होता. जेवणं उरकल्यावर तो तिने वडिलांच्या हातात दिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी हात लुगड्याच्या जुन्या तुकड्याला पुसले आणि एकेक पान उलटलं.

"यात माय कुठी हाय?"

तिने त्यांचं बोट धरून तळटीपेवर ठेवलं. "इथी."

"नाव हाय?"

"नाई, बाबा. 'नाव दिलं नाई' असं लिवलं हाय."

ते काही वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले.

"आता टाकता येईन ना?" त्यांनी मला विचारलं. "आता काई हरकत नाई, बाई. झालं आता सगळं."

छापलेला अंक बदलत नाही, हे मी त्यांना सांगायला हवं होतं. मी नातीकडे पाहिलं. तिनेच सांगितलं, गोंडीत, हळू आवाजात. मला शब्द कळले नाहीत. वडिलांनी लेख मिटला, दोन्ही हातांनी धरून आत नेला आणि देवाजवळ ठेवला.