संपणारा गेम

माझा धाकटा भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. कामात चोख, पण चार वर्षं एका ऑनलाइन गेमनं त्याला पार पिळून काढलं होतं. सकाळी तोंड धुवायच्या आधी हजेरीचं बक्षीस, जेवणाच्या सुट्टीत रोजची तीन कामं, संध्याकाळी गटाबरोबर लढाई. दर दहा आठवड्यांनी नवा सीझन, की बक्षिसांची शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून. एक दिवस चुकला तर सलग हजेरी तुटायची.

"मजा येते का रे?" मी विचारलं.

"मजेचं काय, ताई. आजचं आज पूर्ण करायचंय."

माझं डोकंच फिरलं. लहानपणी खेळताना तहानभूक विसरणारं हे पोर, आता हसायचंही विसरलं होतं. मला तो हसणारा भाऊ परत हवा होता.

एका रविवारी म्हणाला, "खेळणंच सोडतो. कुठलाच गेम नको."

"खेळ कशाला सोडतोस? ती बिनपगारी नोकरी सोड," मी म्हटलं.

त्यानं गटाचा निरोप घेतला, सूचना बंद केल्या, गेम काढून टाकला. आठवडाभर हात आपोआप फोनकडे जायचा. नवीन अपडेट आलाय, परत ये, असे गटाचे निरोप यायचे. दोन आठवडे त्याला मी काही खेळू दिलं नाही, नुसतं फिरायला नेलं. मग एका पोस्टमनचा छोटा गेम आणला. सहा तासांत संपणारा, इंटरनेट न लागणारा. शेवटचं पत्र पोचलं की खलास.

तर या शहाण्यानं तिथंही वही काढली. गेममध्ये जागोजागी लपवलेली खोकी गोळा करायची: आज वीस, उद्या तीस. गावकरी बोलायला लागले की बटण दाबून पुढे. तिसऱ्या दिवशी तोंड पाडून म्हणाला, "हाही कंटाळवाणाच."

मी वही हिसकावली. "इथं कोण हजेरी घेतंय? उद्या ते गाव उठून जाणारे का?"

त्यानं गेम थांबवला आणि माझ्याबरोबर मटार सोलायला बसला. तासाभरानं जाऊन बघतो तर पोस्टमन एक पाय उचलून तसाच पुलावर उभा. कुणी पुढे गेलं नव्हतं, काही हुकलं नव्हतं. भाऊ खो खो हसायला लागला. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू.

त्यानंतर त्यानं प्रत्येक गावकऱ्याचं बोलणं ऐकलं. बरीच खोकी तशीच सोडून दिली. शनिवारी दुपारी शेवटचं पत्र पोचलं, पडद्यावर गेम बनवणाऱ्यांची नावं सरकायला लागली. त्याचे डोळे भरून आले.

"संपला, ताई."

"मग आता?"

"आता काही नाही. संपला ना." आणि हसला. "तू खेळ की. मी नुसता बघतो, काही सांगणार नाही."

मी बसले. पाच मिनिटांत त्यानं शेवटापर्यंतची सगळी गोष्ट सांगून टाकली, आणि मी त्याला एकदाही गप्प बस म्हटलं नाही.